०.४ मोठा की ०.३५?

सहावीच्या वर्गात फळ्यावर ०.४ आणि ०.३५ लिहून मोठी संख्या कोणती असं विचारलं, तर बरेच हात ०.३५ साठी वर होतात. कारण विचारलं की मुलं लगेच सांगतात, "पस्तीस चारपेक्षा मोठे आहेत ना!" या चुकीला आपल्या बोलण्याचाही हातभार लागतो. घरी, दुकानात आपण सर्रास 'पॉइंट पस्तीस' म्हणतो. 'शून्य पूर्णांक तीन पाच' असं वाचलं तर तीन दशांश आणि पाच शतांश निदान वेगळे ऐकू येतात. 'पस्तीस' म्हटलं की ते एकत्र चिकटतात आणि मूल त्यांना पूर्ण संख्या समजून बसतं.

दशांश अपूर्णांकांच्या धड्यावर सराव-पत्रिका काढायची, तर ही चूक तिच्यात पकडली गेली पाहिजे. बहुतेक पत्रिकांत ती पकडली जात नाही, कारण त्यांतले प्रश्न पुस्तकातल्या उदाहरणांचे आकडे बदलून केलेले असतात. ०.२ आणि ०.७ यांतला मोठा कोणता, या प्रश्नाला काहीही न समजलेलं मूलसुद्धा बरोबर उत्तर देतं.

म्हणून मी प्रश्न लिहायला लगेच बसत नाही. आधी पेन्सिल घेऊन धडा वाचते आणि प्रत्येक भागाशेजारी समासात एक वाक्य लिहिते: हा भाग झाल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे? 'दशांश अपूर्णांक समजणे' हे वाक्य उपयोगाचं नाही, त्यावरून एकही प्रश्न सुचत नाही. 'दशांश चिन्हानंतरच्या अंकांची संख्या सारखी नसली, तरी दोन संख्यांतली मोठी ओळखता येणे' हे वाक्य कामाचं आहे. त्यातल्या 'सारखी नसली तरी' या शब्दांतच प्रश्नाचं बीज आहे. अशी चार-पाच वाक्यं निघाली की पत्रिकेचा सांगाडा तयार होतो. पाठात आहे पण या वाक्यांत बसत नाही, ते मी सोडून देते.

मग येते काठिण्य पातळी. इथे सगळ्यात जास्त घसरायला होतं. अवघड प्रश्न हवा म्हणून ४७.३८२६ आणि ४७.३८१९ यांची तुलना दिली जाते. हा प्रश्न लांबलचक आहे, पण विचार ०.२ आणि ०.७ इतकाच लागतो. दोन्हींकडे अंक तितकेच, त्यामुळे दशांश चिन्ह पुसून टाकलं तरी उत्तर बरोबर येतं. काठिण्य वाढतं ते मुलाला एक विचार जास्त करावा लागतो तेव्हा.

पहिल्या पातळीवर मी तीन-चार सरळ जोड्या ठेवते. त्यांतून काही कळत नाही, पण मुलाची लेखणी चालू होते. खरी पत्रिका दुसऱ्या पातळीवर सुरू होते. तिथे या चार जोड्या असतात:

०.४ आणि ०.३५
२.३ आणि २.०७
०.६२ आणि ०.३
१.८५ आणि १.६

'जास्त अंक म्हणजे मोठी संख्या' असं मानणारं मूल पहिल्या दोन्ही जोड्यांत चुकतं आणि पुढच्या दोन्ही बरोबर सोडवतं. याच्या उलट समज असलेली मुलंही असतात. शतांश हा दशांशापेक्षा लहान, हे त्यांनी ऐकलेलं असतं. त्यावरून ती ठरवतात की शतांशापर्यंत गेलेली संख्या लहानच असणार. ती पहिल्या दोन जोड्या बरोबर सोडवतात आणि शेवटच्या दोन चुकतात. दोघांनाही चारपैकी दोन गुण, पण दुखणं निराळं. फक्त पहिल्या प्रकारच्या जोड्या दिल्या असत्या, तर दुसऱ्या मुलाला पैकीच्या पैकी मिळाले असते आणि त्याची चूक तशीच पुढच्या इयत्तेत गेली असती.

तिसऱ्या पातळीवर मी मोजके प्रश्न देते. ०.३ आणि ०.४ यांच्यामधली एखादी संख्या लिही, हा त्यांतला एक. 'मध्ये काहीच नाही' असं उत्तर आलं, तर ते मूल अजून मोजायच्या संख्यांतच आहे, हे कळतं. दुसरा प्रश्न आपल्या बोलीतला: साडेतीन, सव्वातीन आणि पावणेचार लिटर हे दशांशांत लिही आणि चढत्या क्रमाने मांड. सव्वातीनपेक्षा साडेतीन जास्त, हे दूध आणायला जाणाऱ्या मुलाला पक्कं ठाऊक असतं. तेच मूल कागदावर ३.२५ ला ३.५ पेक्षा मोठं म्हणत असेल, तर इथे त्याला स्वतःलाच अडखळायला होतं. हे अडखळणं मला हवं असतं.

क्रिकेटचा प्रश्न शेवटी. गोलंदाजाने ३.४ षटकं टाकली; हा दशांश अपूर्णांक आहे का? नाही. ती तीन षटकं आणि चार चेंडू, म्हणजे बावीस चेंडू आहेत. सहा चेंडूंचं षटक असल्यामुळे तो टिंब इथे दशांश चिन्हाचं काम करत नाही.

उत्तरसूची वेगळ्या कागदावर हवी. मुलाच्या प्रतीमागे ती कधीही जोडू नये. नुसत्या उत्तरांची यादी केली तर ती अर्धीच होते. मी प्रत्येक प्रश्नासमोर तीन गोष्टी लिहिते: उत्तर, ते येण्याची रीत, आणि ठरावीक चुकीचं उत्तर आलं तर त्याचा अर्थ. लिटरच्या प्रश्नासमोरची माझी नोंद अशी: '३.२५, ३.५, ३.७५. ३.५० लिहिलं तरी बरोबर. सव्वातीन ३.४ लिहिलं असेल, तर एक चतुर्थांशातला चार उचलला आहे. क्रमाचा गुण द्यावा, लेखनाचा देऊ नये.' ही शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. ३.४, ३.५, ३.७५ हा क्रम बरोबरच आहे. फक्त क्रमावर नजर टाकणाऱ्याला चूक दिसणारच नाही.

सूची तयार झाली की मी ती कपाटात ठेवते आणि दुसऱ्या दिवशी कोरी पत्रिका स्वतः सोडवते. प्रश्न लिहितानाच उत्तर मनात असतं, त्यामुळे त्याच बैठकीत तपासलेली सूची विश्वासाची नसते. ऐनवेळी प्रश्नांचा क्रम बदलला आणि सूचीतला जुनाच राहिला, असं माझ्याकडून झालं आहे. त्या दिवशी बरोबर उत्तरांवर मी लाल फुल्या मारल्या. शक्य असेल तर शेजारच्या वर्गाच्या बाईंनाही पत्रिका सोडवायला द्यावी. त्यांचं उत्तर वेगळं आलं आणि तेही पटण्यासारखं असलं, तर दोष प्रश्नाच्या शब्दांत आहे.

एक बारीक गोष्ट झेरॉक्सची. प्रतीवरून प्रत काढली की दशांश चिन्ह आधी पुसट होतं. आधीचा शून्य न लिहिता नुसतं .३५ छापलं असेल, तर मुलासमोर ३५ येतात आणि त्याला बिचाऱ्याला काही संशयही येत नाही. ०.३५ चं टिंब गेलं तर ०३५ दिसतं आणि मूल निदान विचारायला येतं. म्हणून शून्य नेहमी लिहावा, अक्षर मोठं ठेवावं आणि पहिली प्रत हातात घेऊन प्रत्येक टिंब पाहावं.

एवढी पत्रिका करायला वेळ नसेल आणि घरात पाचवी-सहावीतलं मूल असेल, तर आज फक्त दोन जोड्या द्या: ०.४ आणि ०.३५, ०.६२ आणि ०.३. उत्तर बरोबर आलं तरी 'कसं ठरवलंस?' हे विचारा, आणि ते काय सांगतं ते पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.