फोन एकदाच लागतो

एखादी ऑनलाइन सेवा अडखळते, म्हणून तिचे पॉड, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या तिच्या प्रती, वाढवल्या जातात. तरी अडखळणं थांबत नाही. `kubectl top pods` चालवून पाहिलं, की एक पॉड कामाखाली पिचलेला आणि दोन जवळपास रिकामे दिसतात. मधला लोड बॅलन्सर मात्र धडधाकट असतो.

तो काम वाटतो कधी, हे इथे पाहायला हवं. कुबरनेटीसमधली साधी सर्व्हिस जोडणी होताना एक पॉड निवडते, आणि जोडणी असेपर्यंत त्यावरचं सगळं त्याच पॉडकडे जातं. ऑपरेटरने फोन जोडून दिला, की पुढचे सगळे प्रश्न त्याच माणसाला, तसं. ब्राउझरच्या जोडण्या तुटत-जुळत राहतात, त्यामुळे तिथे वाटणी आपोआप सावरते. जीआरपीसी मात्र एचटीटीपी/2 वर चालतं. त्यात एकाच जोडणीवरून शेकडो विनंत्या एकाच वेळी जातात आणि ती जोडणी दिवसेंदिवस टिकते. वेग येतो तो त्यामुळेच, आणि हा गुंताही.

समजा तीन क्लायंट, चार पॉड, आणि प्रत्येक क्लायंटच्या सेकंदाला 300 विनंत्या. निवड चिठ्ठी टाकल्यासारखी होते. तिघं तीन वेगळ्या पॉडवर जाण्याची शक्यता 16 पैकी 6. दोघं एकावर जाण्याची 9. तिन्ही एकावरच येण्याची 1. म्हणजे बहुतेकदा 600, 300, 0, 0 अशी विभागणी होते. त्यात ऑटोस्केलर पाहतो सरासरी. सीपीयू वापर 90, 45, 0, 0 टक्के असला, तर सरासरी येते 34. लक्ष्य 60 टक्के असेल, तर तो एक पॉड कमीच करू पाहतो! म्हणून सरासरीवर विसंबू नये, प्रत्येक पॉडच्या विनंत्या वेगळ्या मोजाव्यात. नवी आवृत्ती चढवतानाही हेच होतं: पॉड एकेक करून बदलतात, तुटलेल्या जोडण्या तेव्हा हजर असलेल्यांकडे जातात, आणि सर्वांत शेवटी आलेला रिकामा राहतो.

पहिला उपाय क्लायंटच्या बाजूचा. सर्व्हिसला `clusterIP: None` दिलं, की डीएनएस सगळ्या पॉडचे पत्ते देतं. क्लायंटने `dns:///` ने सुरू होणारा पत्ता आणि `round_robin` वापरलं, तर तो सगळ्यांशी जोडून घेतो आणि विनंत्या पाळीपाळीने पाठवतो. `round_robin` विसरलं, तर मूळचं `pick_first` एकालाच धरून बसतं. पण नवा पॉड आला, तरी जुन्या जोडण्या सुखरूप असेपर्यंत क्लायंट पत्ते सहसा पुन्हा विचारत नाही. त्यासाठी सर्व्हरवर `MaxConnectionAge` लावावं, समजा पाच मिनिटं. मुदत भरली, की सर्व्हर नव्या विनंत्या नाकारतो, हातातल्या पुऱ्या होऊ देतो, आणि क्लायंट नव्याने पत्ते घेऊन जोडतो. हातातलं संपवायला किती सवड द्यायची, ते `MaxConnectionAgeGrace` मध्ये ठरवता येतं.

क्लायंट अनेक भाषांतले आणि अनेक टीमचे असतील, तर मध्ये एन्व्हॉय किंवा लिंकरडीसारखा प्रॉक्सी ठेवणं मला अधिक योग्य वाटतं. तो जोडणी नव्हे, प्रत्येक विनंती वाटतो. फक्त तासन्‌तास चालणारी स्ट्रीम त्याच्याही हाताबाहेर असते, कारण ती अख्खी एकच विनंती असते आणि सुरू झाली त्या पॉडवरच संपते.