सात रुपयांच्या शेअरमागचा अडीच लाख कोटींचा व्यवसाय

मार्च 2025 च्या अखेरीस व्होडाफोन आयडियाच्या एका शेअरचा भाव सात रुपयांच्याही किंचित खाली होता. कंपनीचे तेव्हा सुमारे 7,139 कोटी शेअर होते. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की साधारण 48,500 कोटी रुपये येतात. यालाच मार्केट कॅप किंवा बाजारमूल्य म्हणतात आणि बातम्यांमध्ये ‘कंपनीची किंमत’ म्हणून तोच आकडा छापला जातो. याच कंपनीचा व्याज, कर आणि घसारा वजा होण्यापूर्वीचा वर्षाचा नफा सुमारे 18,000 कोटी रुपये होता. दोन आकडे शेजारी ठेवले तर वाटेल की पावणेतीन वर्षांच्या कमाईत देशव्यापी मोबाइल सेवा विकत मिळते आहे. इतका स्वस्त सौदा बाजारात कोणी सोडला नसता. म्हणजे चूक आपल्या मापात आहे. बाजारमूल्य ही भागधारकांच्या वाट्याची किंमत असते. टॉवरवरची यंत्रे, स्पेक्ट्रमचे हक्क आणि कोट्यवधी ग्राहक मिळून जो व्यवसाय होतो, त्याची ती किंमत नव्हे.

कंपनीच्या कमाईवर भागधारकांचा हक्क सर्वांत शेवटी येतो. त्यांच्याआधी रांगेत बँका, रोखेधारक आणि इतर धनको उभे असतात. व्होडाफोन आयडियाच्या बाबतीत या रांगेत सर्वांत मोठा दावा सरकारचा होता. लिलावात घेतलेल्या स्पेक्ट्रमचे लांबवलेले हप्ते आणि समायोजित महसुलावरील, म्हणजे एजीआरची, थकबाकी मिळून सरकारचे देणे दोन लाख कोटी रुपयांहून अधिक होते. त्या मानाने बँकांचे कर्ज दोन-तीन हजार कोटींचे, म्हणजे नगण्यच. व्यवसायाची पूर्ण किंमत काढायची तर भागधारक आणि धनको या दोघांचे दावे एकत्र मोजावे लागतात. बाजारमूल्यात कर्ज मिळवायचे आणि हाताशी असलेली रोकड वजा करायची. जे उरते ती एंटरप्राइझ व्हॅल्यू. रोकड वजा करण्याचे कारण सरळ आहे. जो संपूर्ण कंपनी विकत घेतो, त्याच्या हाती तिजोरीही येते आणि त्या पैशातून तो कर्जाचा तेवढा भाग लगेच फेडू शकतो. व्होडाफोन आयडियाकडे त्या सुमारास दहा-बारा हजार कोटींची रोकड होती. ही बेरीज-वजाबाकी केली की 48,500 कोटींच्या जागी अडीच लाख कोटींच्या घरातला आकडा उभा राहतो. वर्षाच्या नफ्याशी त्याचे गुणोत्तर पावणेतीनपट नव्हे, जवळपास चौदापट भरते. स्वस्ताईचा सारा भास तिथेच संपतो.

आकडा मोठा झाला म्हणून तो अधिक खरा ठरत नाही, हे मान्य. एंटरप्राइझ व्हॅल्यूची कसोटी वेगळी आहे. कंपनीत पैसा कोणत्या वाटेने आला हे बदलले आणि व्यवसाय तोच राहिला, तर मापही तेच राहायला हवे. व्होडाफोन आयडियाने एका वर्षात दोनदा ही परीक्षा आपोआप घडवून आणली. एप्रिल 2024 मध्ये कंपनीने 11 रुपये भावाने नवे शेअर विकून 18,000 कोटी रुपये उभे केले. सुमारे 1,636 कोटी शेअर वाढले आणि त्यांच्यामुळे बाजारमूल्यात तेवढ्याच रकमेची भर पडली. पण त्या दिवशी एकही नवा ग्राहक जोडला गेला नव्हता, एकही नवा टॉवर उभा राहिला नव्हता. वाढली होती ती फक्त बँकेतली शिल्लक. एंटरप्राइझ व्हॅल्यू काढताना हीच शिल्लक वजा होते, म्हणून ते माप जागचे हलले नाही. हा पैसा फोर-जी आणि फाइव्ह-जीच्या यंत्रांवर खर्च होतो, तेव्हा रोकड घटते. त्या यंत्रांतून ग्राहक आणि नफा वाढला तरच व्यवसायाची किंमत खऱ्या अर्थाने वाढली असे म्हणता येईल.

दुसरी परीक्षा कर्जाची होती. मार्च 2025 च्या अखेरीस सरकारने 36,950 कोटी रुपयांचे येणे शेअरमध्ये बदलून घ्यायचे ठरवले. भाव ठरला 10 रुपये, म्हणजे 3,695 कोटी नवे शेअर. सरकारचा हिस्सा 22.6 टक्क्यांवरून 48.99 टक्क्यांवर गेला आणि एकूण शेअर 10,834 कोटी झाले. आता एक गणित करू. व्यवसाय तोच आहे, म्हणून एंटरप्राइझ व्हॅल्यू कायम धरू. कर्ज 36,950 कोटींनी घटले, म्हणजे बाजारमूल्य तेवढ्याने वाढायला हवे. 48,500 आणि 36,950 मिळून 85,450 कोटी. ही रक्कम 10,834 कोटी शेअरमध्ये वाटली तर एका शेअरला साधारण 7 रुपये 90 पैसे येतात. घोषणेनंतर बाजार उघडला तेव्हा शेअरने उसळी घेतली आणि भाव आठ रुपयांच्या आसपास पोहोचला. एका शेअरच्या भावात अनेक कारणे मिसळलेली असतात, त्यामुळे एवढ्यावरून सिद्धांत सिद्ध होत नाही. पण फक्त बाजारमूल्य पाहणाऱ्याला वाटेल की रातोरात सदतीस हजार कोटींची संपत्ती निर्माण झाली. प्रत्यक्षात एका खिशातला दावा दुसऱ्या खिशात गेला होता.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की शेअर बाजाराला कर्ज माहीत असते, भावात ते आधीच धरलेले असते, मग पुन्हा मोजायचे कशाला? आक्षेपातला पहिला भाग बरोबर आहे. भाव सात रुपयांवर होता तो या देण्यांच्या ओझ्यामुळेच. पण म्हणूनच बाजारमूल्य ही कर्ज वजा झाल्यानंतर उरलेली रक्कम ठरते. तिची तुलना कर्जाचे व्याज वजा होण्यापूर्वीच्या नफ्याशी करता येत नाही. व्याजापूर्वीचा नफा धनको आणि भागधारक दोघांचा असतो, तेव्हा त्याच्यासमोर दोघांच्या दाव्यांची बेरीजच ठेवावी लागते. फक्त भागधारकांच्या वाट्याची किंमत हवी असेल, तर बाजारमूल्य निव्वळ नफ्याशी ताडून पाहावे.

दुसरा आक्षेप व्यवहारवाद्यांचा आहे. त्यांच्या मते एंटरप्राइझ व्हॅल्यू हा विश्लेषकांचा कागदी खेळ आहे आणि प्रत्यक्षात ती कोणी मोजत नाही. याचे उत्तर एअर इंडियाच्या विक्रीत आहे. 2018 मध्ये सरकारने 76 टक्के हिस्सा विकायला काढला तेव्हा खरेदीदाराने कर्ज आणि इतर देणी मिळून सुमारे 33,392 कोटींचा भार उचलावा अशी अट होती. एकही बोली आली नाही. पुढच्या प्रयत्नात, ऑक्टोबर 2020 मध्ये, नियमच बदलले. कर्जाचा आकडा आधी ठरवून देण्याऐवजी बोली एंटरप्राइझ व्हॅल्यूवर मागवण्यात आली. त्यातली किमान 15 टक्के रक्कम रोख द्यायची आणि उरलेल्या रकमेइतके कर्ज अंगावर घ्यायचे. 2021 मध्ये टाटा समूहाची 18,000 कोटींची बोली जिंकली. त्यात 2,700 कोटी रोख होते आणि 15,300 कोटी कर्जाचे. कंपनीवर तेव्हा 61,562 कोटींचे कर्ज होते. उरलेले 46,262 कोटी सरकारच्या वेगळ्या कंपनीकडे वळवले गेले. विमानसेवेच्या कामाला न लागणाऱ्या जमिनी आणि इमारतीही तिकडेच गेल्या. मुंबईत नरिमन पॉइंटला असलेली एअर इंडियाची इमारत त्यांतलीच एक. महाराष्ट्र सरकारने ती पुढे 1,601 कोटींना घ्यायचे ठरवले. ‘एअर इंडिया 2,700 कोटींत गेली’ हे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. विमाने, मार्ग आणि विमानतळांवरील जागा असलेल्या त्या व्यवसायाची बाजाराने केलेली किंमत 18,000 कोटी होती.

तिसरा आक्षेप मात्र सर्वांत वजनदार आहे आणि तो या मापाची मर्यादा दाखवतो. एंटरप्राइझ व्हॅल्यू काढताना कर्ज सहसा वहीत लिहिलेल्या रकमेने धरतात. पण संकटातल्या कंपनीचे कर्ज पूर्ण वसूल होईल का, याची शंका असते. सरकारने 36,950 कोटींचे येणे सोडून जे शेअर घेतले, त्यांची त्या वेळच्या बाजारभावाने किंमत जेमतेम 25,000 कोटी होती. दर्शनी मूल्य 10 रुपये असलेला शेअर त्याहून कमी भावाने देण्याला कंपनी कायदा आडवा येतो, म्हणून भाव 10 ठरला. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली: वहीतल्या शंभर रुपयांच्या देण्याची खरी किंमत शंभर रुपये नव्हती. त्या अर्थाने अडीच लाख कोटी हा आकडा कमाल मर्यादेसारखा वाचावा. सुदृढ कंपनीत वहीतले कर्ज आणि खरे कर्ज यांत फारसे अंतर नसते. दुबळ्या कंपनीत ते अंतर हीच मुख्य गोष्ट असते.

उलट दिशेनेही फसगत होते, कारण सगळी देणी कर्जाच्या रकान्यात नसतात. टॉवरच्या भाड्याचे उदाहरण पाहा. सध्याच्या लेखानियमांनुसार भाडेपट्ट्याची भविष्यातली देणी ताळेबंदात वेगळी दिसतात आणि दरवर्षीचे भाडे खर्चात न धरता घसारा व व्याजाच्या रूपात येते. त्यामुळे 18,000 कोटींच्या नफ्यातून टॉवरचे भाडे वजा झालेलेच नसते. ते वजा केले तर व्होडाफोन आयडियाकडे सुमारे 9,200 कोटी उरत होते. म्हणजे मोठा नफा घ्यायचा तर भाडेपट्ट्याची देणीही कर्जात मिळवावी लागतात. ती वगळायची तर लहान नफा घ्यावा लागतो आणि चौदापट असलेले गुणोत्तर सत्तावीसपट होते. एकाच गणितात दोन्हीकडचे सोयीचे आकडे घेतले की कंपनी स्वस्त दिसू लागते. सादरीकरणांमध्ये सर्वाधिक चूक इथेच होते.

याहून धोकादायक देणे तळटिपांमध्ये असते. एजीआरचा वाद न्यायालयात होता तोपर्यंत त्या मागणीचा मोठा भाग संभाव्य देणे म्हणून टिपांमध्ये नोंदवलेला होता. 24 ऑक्टोबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि व्होडाफोन आयडियाने सप्टेंबर 2019 ला संपलेल्या तिमाहीत 50,922 कोटींचा तोटा दाखवला. भारतातल्या कोणत्याही कंपनीचा तोवरचा तो सर्वांत मोठा तिमाही तोटा होता. निकालाच्या आदल्या दिवशी एंटरप्राइझ व्हॅल्यू काढणाऱ्याने फक्त कर्जाचा रकाना पाहिला असता, तर त्याचे गणित बरोबर आणि उत्तर चूक आले असते.

बँकांना हे माप लावू नये. ठेवी हे त्यांचे कर्जही असते आणि कच्चा मालही, त्यामुळे व्यवसाय कुठे संपतो आणि कर्ज कुठे सुरू होते हे वेगळे काढता येत नाही. इतर कंपन्यांच्या बाबतीत मात्र शेअर स्वस्त की महाग हे ठरवण्याआधी तीन गोष्टी वाचायला हव्यात: ताळेबंदातले कर्ज आणि भाडेपट्ट्याची देणी, रोकडीतला दैनंदिन कामात न अडकलेला भाग आणि संभाव्य देण्यांची टीप. भाव किती यापेक्षा भागधारकाच्या आधी रांगेत कोण उभे आहे, हे कळल्याशिवाय कंपनीची किंमत कळत नाही.