बहात्तर हजार घ्यावेत की थांबावं?

2015 साली प्रीमियर लीग सुरू होताना लेस्टर सिटी विजेता होईल यावर इंग्लंडच्या बुकींनी एकास पाच हजार असा भाव लावला होता. एका चाहत्याने त्यावर 50 पौंड लावले. मार्च 2016 मध्ये लेस्टर अव्वल स्थानी असताना त्याच्यासमोर कॅश-आउटचा प्रस्ताव आला, सुमारे 72 हजार पौंडांचा. थांबला तर अडीच लाख, नाहीतर शून्य. त्याने पैसे घेतले. 2 मे रोजी लेस्टरचं विजेतेपद निश्चित झालं.

तो फसला का? निकाल बाजूला ठेवून मार्चमधल्या माहितीवर हिशेब मांडू. 72 हजार म्हणजे अडीच लाखांचे जेमतेम 29 टक्के. लेस्टर जिंकण्याची शक्यता 29 टक्केच असती, तर प्रस्ताव चोख होता. खरी शक्यता त्याहून जास्त असेल, तर फरक बुकीच्या खिशात गेला. इथे जुना पाच हजारांचा भाव उपयोगाचा नाही, आणि 50 पौंडांचे किती पट झाले हेही नाही. पुढे काय होऊ शकतं, तेवढंच मोजायचं.

पण खरी शक्यता कळणार कशी? त्याच दिवशी बाजारात चालू असलेल्या भावावरून. समजा, लेस्टरवर लावलेल्या 1 पौंडाला मुद्दलासह 2.40 पौंड मिळत होते. 1 भागिले 2.40, म्हणजे सुमारे 42 टक्के. हा आकडा मात्र थोडा फुगलेला असतो. सगळ्या संघांचे असे टक्के जोडले तर बेरीज 100 च्या वर, समजा 104, भरते. तो वरचा भाग बुकीचा नफा. म्हणून 42 ला 104 ने भागून 100 ने गुणायचं: साधारण 40 टक्के. अडीच लाखांचे 40 टक्के म्हणजे एक लाख. या गृहीत भावाने 72 हजारांत 28 हजारांची कात्री लागली. कॅश-आउटमध्ये बुकी नफा दुसऱ्यांदा कापतो, तो असा.

यावर जाणकार सुचवतात की बेटिंग एक्स्चेंजवर लेस्टरच्या विरोधात पैज लावून स्वतःच लाखभर पौंड पक्के करावेत. गणित बरोबर आहे. पण 2.40 च्या भावाने त्यासाठी जवळपास 1 लाख 46 हजार पौंड तिथे अडकवून ठेवावे लागतात. पन्नास पौंड लावणाऱ्याकडे ते कुठून येणार? बुकीला हे ठाऊक असतं, म्हणूनच त्याची कात्री एवढी धारदार.

माझ्या मते त्याने घेतलेली रक्कम कमी होती, निर्णय मात्र मूर्खपणाचा नव्हता. ज्याचं कर्ज 72 हजारांत फिटतं, त्याला शून्याचा धोका टाळण्यासाठी 28 हजार सोडणं परवडू शकतं; फक्त आपण किती सोडतो आहोत, हे बटण दाबण्याआधी कळायला हवं. काही बुकी अर्धीच पैज मोडू देतात. तिथेही दर तोच असतो, कात्री फक्त अर्ध्या रकमेवर लागते.