बाराव्या दिवशी बाळाचं वजन उतरलं तेव्हा

आमचा धाकटा जन्मला तेव्हा त्याचं वजन ३ किलो १०० ग्रॅम होतं. रडणं खणखणीत, दूध ओढणं जोरात. अकिका झाला, नातेवाईक आपापल्या गावी गेले आणि दहाव्या-अकराव्या दिवसापासून तो दूध प्यायला कंटाळू लागला. प्यायलेलं उलटून टाकायचा. बेलापुरात उन्हाळा कडक असतो, म्हणून त्याला ऊन बाधलं असेल असं आम्हाला वाटलं. नानी म्हणाल्या, नजर लागली. दवाखान्यात उलटीचे थेंब मिळाले. बाराव्या दिवशी काट्यावर ठेवलं तर वजन २ किलो ६५० भरलं. एव्हाना बाळ जन्मवजनावर परत यायला हवं, इथे तर साडेचारशे ग्रॅम कमी झाले होते. तेराव्या रात्री तो डोळे उघडेना, तेव्हा आम्ही त्याला घेऊन मोठ्या रुग्णालयात गेलो.

तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी रक्त काढलं. सोडियम ११६ होतं, ते १३५च्या वर हवं. पोटॅशियम जवळजवळ ८ होतं. साध्या जुलाब-उलट्यांत असं सहसा होत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनी बाळाच्या बोटांची पेरं आणि अंडकोषाची त्वचा पाहिली. दोन्ही जागा आमच्या नजरेतून सुटण्याइतक्या किंचित काळसर होत्या. तपासणीचा पुढचा अहवाल यायला वेळ लागणार होता, पण त्या थांबल्या नाहीत. सलाईन सुरू केलं, साखर दिली आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ भुकेनं रडलं. चार दिवसांनी अहवाल आला. रोगाचं नाव कन्जेनायटल ॲड्रिनल हायपरप्लाझिया, म्हणजे सीएएच.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून आम्हाला समजावलं. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ॲड्रिनल ग्रंथी असते. ती कोलेस्टेरॉलपासून टप्प्याटप्प्यानं तीन प्रकारची संप्रेरकं बनवते. कॉर्टिसोल आजारपणात रक्तदाब आणि साखर सांभाळतं. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला सांगतं की मीठ लघवीतून जाऊ देऊ नकोस. तिसरी अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरकं. आमच्या मुलात मधल्या टप्प्याचं एक एन्झाइम, २१-हायड्रॉक्सिलेज, काम करत नाही. त्यामुळे पहिली दोन संप्रेरकं बनत नाहीत. ती कमी दिसली की मेंदू ग्रंथीला आणखी काम करायला लावतो. कच्चा माल साचतो आणि उघड्या असलेल्या एकाच वाटेनं जातो, ती वाट अँड्रोजेनची. म्हणून एकीकडे मीठ वाहून जातं आणि दुसरीकडे पुरुषी संप्रेरक वाढतं.

मुलगी असती तर बहुधा जन्मतःच कळलं असतं. अशा मुलींचं गर्भाशय आणि बीजांडं व्यवस्थित असतात, पण पोटात असतानाच अँड्रोजेन वाढल्यामुळे बाहेरची जागा मुलासारखी दिसू शकते. काही वेळा घाईत 'मुलगा झाला' असंही सांगितलं जातं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. मुलगा मात्र बाहेरून अगदी नेहमीसारखा दिसतो. तो घरी जातो आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याचं मीठ संपतं. काही मुलं निदान न होताच दगावतात आणि घरचे म्हणतात, उलट्यांनी गेलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली, तेव्हा दर ५,७६२ बाळांमागे एकाला हा रोग आढळला. टाचेच्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी होते, पण आपल्याकडे ती सरसकट केली जात नाही, मागून घ्यावी लागते.

औषध आयुष्यभराचं आहे. सुरुवातीला हायड्रोकॉर्टिसोन एका वेळी एक मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, फार्मासिस्टनं मोजून दिलेल्या पुड्यांतून द्यायचो. मीठ धरून ठेवणाऱ्या फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी वेगळी. शिवाय पहिलं वर्षभर दुधातून थोडं थोडं मोजलेलं मीठ. आता तो नऊ वर्षांचा आहे. सकाळी ५, दुपारी २.५, रात्री २.५ मिलिग्रॅम आणि सकाळी फ्लुड्रोकॉर्टिसोन १०० मायक्रोग्रॅम. हा हिशेब त्याच्या शरीराच्या आकारावरून काढलेला आहे, दुसऱ्या मुलाला तो लागू नाही.

'स्टिरॉइड' हा शब्द ऐकून फुफी म्हणाल्या होत्या, हाडं ठिसूळ होतील, बंद करा. पण जे शरीर बनवत नाही तेवढंच आम्ही बाहेरून देतो. मात्रा जास्त झाली तर मूल फुगतं आणि उंची खुंटते, हे खरं. कमी झाली तर अँड्रोजेन वाढतं. मूल आधी झपाट्यानं उंच होतं, सहा-सात वर्षांतच केस आणि मुरमं येतात, मग हाडं लवकर पिकतात आणि उंची कायमची थांबते. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी उंची, वजन, रक्तदाब आणि रक्त तपासलं जातं आणि मधूनमधून डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहिलं जातं.

खरा धोका तापात असतो. निरोगी शरीर तापात स्वतःच कॉर्टिसोल वाढवतं, याचं शरीर वाढवू शकत नाही. आमचा नियम असा: ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, १०२च्या वर गेला की तिप्पट, ताप उतरेपर्यंत. फ्लुड्रोकॉर्टिसोन तेवढंच. गोळी दिल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा द्यायची. तीही उलटली तर इंजेक्शन. परीक्षेच्या भीतीला किंवा खेळण्याला जास्त मात्रा लागत नाही.

तो सहा वर्षांचा असताना असं झालं. पहाटे ताप १०१ होता, दुप्पट गोळी दिली, उलटली. पुन्हा दिली, पुन्हा उलटली. तो हळूहळू सुस्त होऊ लागला, हात गार पडले. फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाप्रमाणे आम्ही हायड्रोकॉर्टिसोनच्या १०० मिलिग्रॅमच्या बाटलीत पाणी मिसळलं आणि निम्मं, म्हणजे ५० मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचलं. हात थरथरत होते, पण हे आम्हाला शिकवलेलं होतं. मग गाडी काढली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्यानं पाणी मागितलं होतं. इंजेक्शन देऊनही दवाखाना टाळायचा नाही, कारण सलाईन आणि साखर तिथेच मिळते.

रमजानमध्ये तो 'मला पण रोजा' म्हणून हट्ट करतो. लहान मुलावर रोजा फर्ज नाही, आणि मोठा झाल्यावरही आजाऱ्याला सवलत आहे. दिवसभर पाणी आणि गोळी नसेल तर त्याचं मीठ आणि साखर दोन्ही उतरू शकतात. म्हणून पुढेही रोज्याचा निर्णय डॉक्टरांना विचारल्याशिवाय होणार नाही. तोपर्यंत इफ्तारचा दस्तरखान तो मांडतो.

दोष कोणाचा, हेही घरात विचारलं गेलं, आणि बोट अम्मीकडेच वळलं. खरं म्हणजे आम्ही दोघंही या दोषाचे वाहक आहोत, एकेक बिघडलेली प्रत दोघांकडून गेली. आम्ही मामेभाऊ-फुफीजाद बहीण आहोत. जवळच्या नात्यात दोघं वाहक असण्याची शक्यता वाढते, पण नात्याबाहेरच्या जोडप्यांतही हे होतं. प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता तीच राहते. म्हणून मुलगी झाली तेव्हा तिसऱ्या दिवशी तिचं १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन तपासलं. पहिल्या दिवशी तपासलं तर निरोगी बाळातही ते जास्त दिसतं. तिचा अहवाल चांगला आला.

धाकट्याच्या दप्तरात एक कार्ड असतं: रोगाचं नाव, रोजची मात्रा, उलटी झाली तर काय करायचं, दोन फोन नंबर. वर्गशिक्षकांना आम्ही एकच गोष्ट पाठ करायला सांगितली आहे. हा मुलगा उलटी करून सुस्त बसला तर 'थोडं झोप, बरं वाटेल' असं म्हणायचं नाही. आधी आम्हाला फोन करायचा.