घसा बसल्याचा अर्ज

‘घसा बसल्यामुळे माझी मुलगी स्पर्धेत भाग घेऊ शकत नाही, तरी क्षमस्व.’ असा एका ओळीचा अर्ज घेऊन मुलगी शाळेत जाते. अंगात ताप नाही, डबा संपवते, मैत्रिणींबरोबर हसते. मग बाई म्हणतात, “अगं, चार तर कडवी आहेत, हळू म्हण!” बाईंचंही चुकत नाही, अर्जात त्यांना नेमकं काही कळलेलंच नसतं.

सर्दी-पडशानंतर स्वरयंत्राला सूज येते. बहुतेक वेळा ती विषाणूंमुळे असते, त्यामुळे अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. सुजलेल्या स्वरतंतूंना नीट कंप पावता येत नाही, म्हणून आवाज घोगरा होतो किंवा उमटतच नाही. त्यावर ताण देऊन बोललं की सूज उतरायला वेळ लागतो. कुजबुजणं हाही अनेकदा ताणच असतो. म्हणजे ‘हळू म्हण’ ही सवलत नव्हेच. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत आवाज परततो.

तेव्हा अर्जात आजाराच्या नावापेक्षा काय करायचं नाही आणि कधीपर्यंत, हे हवं. समजा, मराठी भाषा गौरव दिनाची, 27 फेब्रुवारीची काव्यवाचन स्पर्धा आहे आणि पाचवीतल्या मुलीचा आवाज 23 तारखेला बसला. अर्ज असा लिहिता येईल:

प्रति,
मा. मुख्याध्यापिका

विषय : काव्यवाचन स्पर्धेतून नाव कमी करण्याबाबत

महोदया,
माझी मुलगी (इयत्ता 5 वी, तुकडी ब) हिच्या स्वरयंत्राला सूज आली आहे. डॉक्टरांनी 4 मार्चपर्यंत आवाजाला विश्रांती द्यायला सांगितली आहे. चिठ्ठी सोबत जोडली आहे. तिला 27 तारखेच्या स्पर्धेतून वगळावे. तोपर्यंत प्रार्थना, पाढे व प्रकट वाचनही तिला देऊ नये, कुजबुजायलाही सांगू नये, ही विनंती. ताप नसल्याने ती शाळेत येईल व लेखी काम करील. तिच्या जागी दुसऱ्या विद्यार्थ्यास संधी द्यावी.
आपली विश्वासू,
(पालकाची सही)

खाली तारीख विसरू नये. अर्ज स्पर्धेच्या सकाळी न देता आजार कळताच द्यावा. बदली मुलाला पाठ करायला दोन-तीन दिवस तरी मिळतात. वर्गशिक्षिकेलाही तोंडी सांगून ठेवलेलं बरं, कारण मुख्याध्यापिकांच्या टेबलावरचा कागद वर्गापर्यंत पोचेलच असं नाही.

मूल मात्र गप्प बसत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. एक छोटी वही आणि पेन्सिल दप्तरात दिली तर मधल्या सुट्टीतल्या गप्पा त्यात होतात. पाणी वरचेवर प्यायला सांगावं.

श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, दम लागत असेल, थुंकीही गिळता येत नसेल, तर अर्ज बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा. आवाज तीन आठवड्यांनंतरही घोगराच राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.