चक्राकार तिकीट की सुटी तिकिटे? एका यात्रेचा हिशेब

मानोरा गावाला रेल्वेस्थानक नाही. त्यामुळे येथील कुटुंबाला दूरची यात्रा करावयाची झाल्यास कारंजामार्गे बडनेरा गाठावे लागते आणि खरा हिशेब तेथूनच सुरू होतो. सुरत, अहमदाबाद, देलवाड्यासाठी आबू रोड, अजमेर, जैन कीर्तिस्तंभासाठी चितोडगड, पुढे उज्जैन आणि भोपाळ अशी सात ठिकाणे एकाच फेरीत करावयाची असतील, तर प्रत्येक टप्प्याचे तिकीट वेगळे काढावे की सबंध फेरीचे एकच घ्यावे, हा प्रश्न पडतो.

युरोपात किंवा जपानमध्ये मिळतो तसा, ठरावीक दिवस मनसोक्त फिरण्याचा पास आपल्याकडे सामान्य प्रवाशाला मिळत नाही. इंडरेल पास होता, परंतु तो परदेशी पर्यटक व अनिवासी भारतीयांपुरता होता आणि आता तोही बंद झाला आहे. त्याच्या जवळ जाणारी सोय म्हणजे चक्राकार प्रवास तिकीट. प्रवास जेथून सुरू झाला तेथेच तो संपला पाहिजे आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येते. वरील यात्रेत सात मुक्काम आहेत. भोपाळहून इटारसी, नागपूरमार्गे बडनेऱ्यास परतल्यास वर्तुळही पूर्ण होते.

हे तिकीट स्वस्त का पडते, हे समजण्यासाठी रेल्वेभाड्याची रीत पाहावी लागेल. अंतर वाढत जाते तसा दर किलोमीटरमागील दर उतरत जातो. सुटे तिकीट दर वेळी पहिल्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यापासून नव्याने मोजले जाते. चक्राकार तिकिटात मात्र एकूण अंतराचे दोन समान भाग पाडून दोन लांब प्रवासांचे भाडे घेतात. बडनेऱ्याहून निघून बडनेऱ्यास परत येण्याचे अंतर सुमारे २,५०० किलोमीटर भरते. म्हणून भाडे लागते ते १,२५० किलोमीटरच्या दोन तिकिटांचे.

दुसरे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तृतीय वातानुकूलित वर्गात किमान ३०० किलोमीटरचे भाडे आकारले जाते, प्रवास त्याहून कमी असला तरीही. अहमदाबाद ते आबू रोड, अजमेर ते चितोडगड आणि उज्जैन ते भोपाळ हे तिन्ही टप्पे प्रत्येकी सुमारे १८५ किलोमीटरचे आहेत. सुरत ते अहमदाबाद सुमारे २३०, तर नागपूर ते बडनेरा सुमारे १७५. या प्रत्येकासाठी सुट्या तिकिटात ३०० किलोमीटरचे पैसे मोजावे लागतात. सर्व नऊ तिकिटांची बेरीज केल्यास २,५०० किलोमीटरच्या प्रवासासाठी सुमारे ३,०५० किलोमीटरचे भाडे जाते, तेही चढ्या दराने. पूर्ण यात्रा याच वर्गातून करावयाची असेल, तर चक्राकार तिकीटच स्वस्त पडेल यात शंका नाही.

शयनयान वर्गात ही किमान मर्यादा २०० किलोमीटरची आहे. त्यामुळे तेथे वाया जाणारे अंतर अगदी थोडे, आणि लाभ उरतो तो मुख्यतः उतरत्या दराचा.

मात्र तुलना करताना एक चूक हमखास होते. चक्राकार तिकिटाची तुलना त्याच वर्गातील सुट्या तिकिटांशी केली जाते. प्रत्यक्षात दिवसाच्या तीन-चार तासांच्या प्रवासासाठी झोपण्याची जागा कोणाला हवी असते? बडनेरा ते सुरत आणि भोपाळ ते नागपूर हे दोन रात्रीचे टप्पे वातानुकूलित डब्यातून, आणि उरलेले दिवसा, द्वितीय वर्गाच्या आरक्षित आसनावरून केले, तर सुट्या तिकिटांची बेरीज चक्राकार तिकिटाहून बरीच खाली येते. प्रकृती धडधाकट असलेल्यांनी हाच हिशेब आधी मांडावा. गुडघेदुखीमुळे प्रत्येक टप्प्यावर आडवे व्हावे लागणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी निर्णय उलटा होईल. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे त्यांना हा फरक अधिकच जाणवतो.

काही खर्च दोन्हीकडे सारखाच राहतो. आरक्षण शुल्क आणि अतिजलद गाडीचा अधिभार प्रत्येक टप्प्याला स्वतंत्रपणे लागतो. तृतीय वातानुकूलित वर्गात ते अनुक्रमे ४० व ४५ रुपये आहेत. वंदे भारत, राजधानी यांसारख्या गाड्यांचे भाडे वेगळ्या कोष्टकाने ठरते. त्यांतून जाण्याचा बेत असल्यास वरील गणित लागू पडत नाही.

मुदतीचाही विचार हवा. प्रवासासाठी दर ४०० किलोमीटरला एक दिवस आणि मुक्कामासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस, असा नियम आहे. त्यानुसार या यात्रेला सुमारे वीस दिवस मिळतात. सात मुक्कामांना ते पुरेसे आहेत.

हे तिकीट घरबसल्या मोबाइलवर निघत नाही. मार्ग, मुक्काम आणि वर्ग लिहून मंडल वाणिज्य व्यवस्थापकांकडे अर्ज करावा लागतो. बडनेरा भुसावळ मंडलात येते. तेथून भाडे ठरून आल्यावर स्थानकावर तिकीट मिळते आणि त्यानंतर प्रत्येक टप्प्याचे आरक्षण खिडकीवर करावे लागते. म्हणून अर्ज बराच आधी द्यावा. तिकीट हाती येईपर्यंत रात्रीच्या गाड्या भरून गेल्या, तर वाचलेले पैसे तत्काळच्या जादा आकारात जातात.