लॉगआउट केलं, तरी पासवर्ड सायबर कॅफेतच राहतो!

बऱ्हाणपूर : भरतीचा असो, शिष्यवृत्तीचा असो की कॉलेज प्रवेशाचा, आपल्याकडे अर्ज भरायचा म्हटलं की पाय एमपी ऑनलाइनच्या कियोस्ककडे नाहीतर सायबर कॅफेकडे वळतात. सीमेपलीकडे रावेर, जळगावातही काही वेगळं नाही. काम झालं की लॉगआउट करायचं, पावती घ्यायची आणि निघायचं. पण लॉगआउट केलं म्हणजे सगळं पुसलं गेलं, हा समज चुकीचा आहे.

लॉगआउट केल्यावर त्या वेबसाइटशी चाललेलं आपलं सत्र बंद होतं. सेव्ह झालेला पासवर्ड मात्र वेबसाइटवर नसतो, तो त्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये असतो. लॉगिन करताच क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यात `Save password?` अशी चौकट येते. घाईत आपण किंवा ऑपरेटर `Save` दाबतो. तिथून पुढे त्या पासवर्डचा लॉगआउटशी संबंध उरत नाही.

कसं घडतं?

समजा, शाहपूरच्या एका मुलीने कॅफेत भरतीचा अर्ज भरला. पासवर्ड सेव्ह झाला, तिने लॉगआउट केलं आणि ती घरी गेली. तासाभराने दुसऱ्या कुणीतरी त्याच कॉम्प्युटरवर तीच वेबसाइट उघडली. युजर आयडीच्या रकान्यात क्लिक करताच तिचा आयडी समोर आला, खाली पासवर्डचे काळे ठिपके भरले गेले. आता फक्त लॉगिनचं बटण दाबायचं बाकी. आत तिचा फोटो, सही, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल नंबर सगळं आहे. दुरुस्तीची मुदत चालू असेल, तर अर्जातली माहितीही बदलता येते.

ठिपक्यांमागचा पासवर्ड वाचणंही अवघड नाही. क्रोमच्या `chrome://password-manager/passwords` या पानावर सेव्ह केलेले पासवर्ड असतात. ते दाखवण्याआधी क्रोम विंडोजचा पासवर्ड मागतो. पण तो ठेवलेलाच नसेल, तर अडवणार कोण? आणि ठेवला असला, तरी तो दुकानदाराला ठाऊक असतोच. क्रोममध्ये दुकानदाराचं गुगल खातं सुरू असेल, तर हा पासवर्ड त्या खात्यात जाऊन त्याच्या मोबाइलवरही पोहोचू शकतो.

उलटाही धोका

ऑटोफिल फक्त माहिती देत नाही, दुसऱ्याची माहिती आपल्या अर्जात घालतोही. नाव टाइप करायला सुरुवात केली की आधीच्या ग्राहकाचा पत्ता, ईमेल, मोबाइल नंबर एका क्लिकमध्ये भरला जातो. नाव आपण दुरुस्त करतो, पण मोबाइलचा रकाना तसाच राहतो. मग प्रवेशपत्राचा मेसेज आणि पासवर्ड बदलायचा ओटीपी भलत्याच माणसाकडे जातो. म्हणून अर्ज सबमिट करण्याआधी मोबाइल आणि ईमेल अंकन् अंक, अक्षरन् अक्षर वाचा. सोयीसाठी ऑपरेटरचा नंबरही टाकू देऊ नका.

काय करायचं?

बसल्या बसल्या क्रोमच्या वरच्या कोपऱ्यातल्या प्रोफाइलच्या गोल चिन्हावर क्लिक करून `Guest` विंडो उघडा. तिथे आधीच्या ग्राहकांची सेव्ह केलेली माहिती दिसत नाही आणि विंडो बंद केल्यावर आपलीही उरत नाही. तो पर्याय नसेल, तर `Ctrl+Shift+N` दाबून इन्कॉग्निटो विंडोत काम करा. साध्याच विंडोत बसावं लागलं, तर चौकट आल्यावर `Never` दाबा.

मात्र दोन गोष्टी यातून सुटत नाहीत. डाउनलोड केलेली पीडीएफ आणि स्कॅन केलेली मार्कशीट कॉम्प्युटरवरच राहतात. त्या स्वतः डिलीट करा, रिसायकल बिनही रिकामा करा. दुसरं म्हणजे, कॉम्प्युटरमध्ये कळ न् कळ टिपणारं सॉफ्टवेअर लपवलेलं असेल, तर कोणतीही विंडो उपयोगाची नाही.

पासवर्ड सेव्ह झालाच असेल तर?

परत जाऊन पुसत बसण्यापेक्षा घरी आपल्या मोबाइलवरून पासवर्ड बदला. जुना पासवर्ड कुठेही पडून असला, तरी निकामी होतो. हाच पासवर्ड ईमेललाही असेल, तर आधी ईमेलचा बदला, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक तिथेच येतात. कॅफेत जीमेल उघडलं असेल, तर गुगल खात्याच्या `Security` विभागात जाऊन `Your devices` मधून तो कॉम्प्युटर साइन आउट करा.

अर्जात कुणी फेरफार केल्याचं दिसलं, तर 1930 या हेल्पलाइनवर किंवा `cybercrime.gov.in` वर लगेच तक्रार करा. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीने वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम 66-सी खाली गुन्हा आहे. त्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 2011 च्या नियमांनुसार सायबर कॅफेने ग्राहकांची नोंद किमान 1 वर्ष ठेवायची असते. म्हणून कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठल्या कॉम्प्युटरवर बसलो होतो, हे पावतीच्या मागे लिहून ठेवा. त्या वेळेनंतर तिथे कोण बसलं, हे शोधायला तोच धागा कामी येतो.